दीड मिलिग्रॅमचं सीरम

सुरकुत्यांवरच्या सीरमच्या बाटलीवर '10 टक्के' असं ठळक छापलेलं असतं, तिथूनच सुरुवात करू. समजा, बाटलीवर '10 टक्के अर्जिरेलिन सोल्युशन' लिहिलंय. अर्जिरेलिन हे सुरकुत्यांसाठी वापरतात ते एक पेप्टाइड, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं, दहावा हिस्सा पेप्टाइड आहे. पण अर्जिरेलिन सोल्युशन म्हणून पुरवठादार जे विकतो ते बहुतांशी पाणीच असतं आणि त्यात पेप्टाइड असतं साधारण 0.05 टक्के. आता हिशोब करा. 30 ग्रॅमच्या बाटलीत 10 टक्के म्हणजे 3 ग्रॅम सोल्युशन. त्याचे 0.05 टक्के म्हणजे दीड मिलिग्रॅम. अख्ख्या बाटलीत पेप्टाइड एवढंच!

यावर कुणी लगेच म्हणेल, म्हणजे फसवणूकच. तसं नाही, आणि इथेच विषय रंजक होतो.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, म्हणजे कोलॅजन, तुटतं तेव्हा असे तुकडे सुटतात आणि पेशींना 'नवं कोलॅजन बनवा' असा इशारा देतात, अशी अनेक पेप्टाइड सीरममागची कल्पना. इशाऱ्याला माल थोडाच लागतो. पामिटॉइल पेंटापेप्टाइड-4, म्हणजे बाजारातलं मॅट्रिक्सिल, याच्यावर 2005 साली एक बरा अभ्यास प्रसिद्ध झाला. 35 ते 55 वयाच्या 93 गोऱ्या स्त्रियांनी 12 आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूला नुसतं मॉइश्चरायझर लावलं आणि दुसऱ्या बाजूला तेच मॉइश्चरायझर पेप्टाइड घालून. कोणती बाजू कोणती, हे त्यांना ठाऊक नव्हतं, तपासणाऱ्यांनाही नव्हतं. पेप्टाइडचं प्रमाण होतं दहा लाख भागांत तीन. तरीही बारीक सुरकुत्यांमध्ये पेप्टाइडच्या बाजूला फरक मोजता आला.

मग अडचण कुठे? एक म्हणजे तो फरक लहान होता, आणि अभ्यास करणारे शास्त्रज्ञ ही क्रीम विकणाऱ्या कंपनीतलेच होते. त्याने अभ्यास खोटा ठरत नाही, पण मला तरी कुणा त्रयस्थाने पुन्हा केलेला, मोठा अभ्यास पाहायला आवडेल. दुसरं म्हणजे, एवढंसं पेप्टाइड परिणाम करत असेल, तर ते घालायला खर्चही एवढासाच येणार. मग तेच पेप्टाइड त्याच प्रमाणात असलेल्या दोन सीरमपैकी एक सहाशेला आणि दुसरं सहा हजारांना कसं? वरचे पैसे बाटली, सुगंध, जाहिरात आणि दुकानाच्या कमिशनचे. त्यात वावगं काही नाही, फक्त ते पैसे सुरकुत्यांवर खर्च होत नाहीत.

ग्रोथ फॅक्टरची गोष्ट जास्त नाजूक आहे. ही पेशींना वाढीचा इशारा देणारी पूर्ण प्रथिनं. स्टॅन्ली कोहेन यांना ज्या शोधासाठी 1986 चं नोबेल वाटून मिळालं, तो एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर 53 अमिनो आम्लांचा, वजनाने सुमारे 6,000 डाल्टन. आणि शाबूत त्वचेतून 500 डाल्टनपेक्षा जड रेणू सहसा आत जात नाहीत, असा त्वचातज्ज्ञांचा ठोकताळा. मॅट्रिक्सिलही साधारण 800 चं असल्याने तेही या मर्यादेत बसत नाहीच, पण त्याला स्निग्ध शेपूट जोडून त्वचेच्या तेलकट थरात मिसळेल असं केलंय. सहा हजारांचा रेणू शाबूत त्वचेतून आत कसा शिरणार, याचं पटेल असं उत्तर मला मिळालेलं नाही.

या गटात सर्वाधिक गाजलेलं सीरम मानवी त्वचापेशी वाढवून उरलेल्या द्रवापासून बनतं. त्याच्या सुरुवातीच्या अभ्यासात 14 रुग्ण होते, 60 दिवस, आणि 11 जणांत सुधारणा दिसली. तुलनेला साध्या क्रीमचा गटच नव्हता! चौदाही जणांनी 60 दिवस साधं मॉइश्चरायझर नेमाने लावलं असतं, तर किती जणांत सुधारणा दिसली असती? त्यात प्रथिनं उष्णतेने बिघडतात. नागपूरच्या मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत तापलेल्या बाटलीत काय उरतं, ते सांगायला बाटलीवर जागा नसते.

पैसे घालायचेच असतील तर आधी सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर इथे 903 जणांच्या साडेचार वर्षांच्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वय वाढणं 24 टक्के कमी दिसलं. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने ट्रेटिनॉइन, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषधी क्रीम. त्याच्या बाजूने अनेक दशकांचे अभ्यास आहेत आणि ट्यूब काही शे रुपयांत येते. मात्र सुरुवातीला त्वचा सोलते, आणि गरोदरपणात ते बंद.

(श्रोत्यांतून एका ताईंनी विचारलं: "वहिनींनी अमेरिकेहून आणलेली ग्रोथ फॅक्टरची बाटली घरात आहे. टाकून देऊ?")

टाकू नका हो, एवढी महागाची! फक्त बारीक सुयांनी त्वचा टोचून घेतलेल्या, म्हणजे मायक्रोनीडलिंगच्या, दिवशी लावू नका, त्वचा उघडी असते. बाकी तुम्हीच चाचणी करा. डाव्या गालावर सीरम आणि वरून मॉइश्चरायझर, उजव्यावर नुसतं मॉइश्चरायझर, 12 आठवडे. आज आणि शेवटी, एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी फोटो काढा. मग ते वहिनींना दाखवा आणि कोणता गाल बरा ते विचारा. सीरम कुठे लावलं ते मात्र आधी सांगू नका.