पंपाच्या तोंडाशी अडलेली हवा

(दृश्य: पंपाच्या सक्शन फ्लँजला जोडलेला रिड्यूसर, जवळून)

मोठा पाइप संपतो आणि पंपाचं लहान तोंड सुरू होतं. या दोघांना जोडणारा तुकडा म्हणजे रिड्यूसर. इथे त्याची वरची बाजू सपाट आहे आणि खालची तिरकी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल, फिटरने वाकडा बसवलाय. पण तो मुद्दाम असा केलेला आहे. याला एक्सेंट्रिक रिड्यूसर म्हणतात. दोन्ही बाजूंनी सारखा निमुळता होतो तो कॉन्सेंट्रिक. दिसायला तोच सुबक, आणि आडव्या सक्शन लाइनवर नेमका तोच त्रास देतो.

(दृश्य: खालच्या टाकीतून पाणी ओढणाऱ्या पंपाची आकृती)

एक उदाहरण घेऊ. पंप जमिनीवर आहे, पाणी चार मीटर खाली. सक्शन पाइप २०० मिलिमीटरचा, पंपाचं तोंड १५० चं. पूर्ण प्रवाह तासाला १८० घनमीटर, म्हणजे सेकंदाला ५० लिटर. मोठ्या पाइपात पाणी साधारण दीड मीटर प्रतिसेकंद वेगाने येतं; तोंडाशी तोच वेग पावणेतीनच्या आसपास जातो. पाइप मोठा ठेवण्याचं कारण हेच, की घर्षणात दाब वाया जाऊ नये.

आता मधे कॉन्सेंट्रिक रिड्यूसर लावला, तर दोन व्यासांतला फरक वर आणि खाली निम्मानिम्मा वाटला जातो. मोठ्या पाइपाचं छत तोंडाच्या छतापेक्षा सुमारे २४ मिलिमीटर उंच राहतं. खालच्या फरकाने काही बिघडत नाही. वरच्या २४ मिलिमीटरमध्ये मात्र हवा येऊन बसते, कारण पुढे जायचं तर तिला आधी खाली उतरावं लागतं.

ही हवा येते कुठून? थोडी ग्लँडमधून किंवा सैल गॅस्केटमधून आत ओढली जाते. बाकीची पाण्यातच विरघळलेली असते. पंपाजवळ पाइपातला दाब वातावरणाच्या निम्म्याच्या आसपास उतरलेला असतो, आणि कमी दाबात पाणी हवा सोडतं. सुटलेले बुडबुडे छताला चिकटतात, एकमेकांत मिसळतात. पाइप अगदी समतल असेल, तर हा थर रिड्यूसरपासून मागे बेंडपर्यंत पसरतो. एक मीटर लांबीत दोनेक लिटर हवा सहज साठते.

(दृश्य: पारदर्शक पाइपात छताखाली साठणारी हवा)

पाणी वेगात असताना यातली बरीचशी हवा ते बारीक बुडबुड्यांच्या रूपात ओढून नेतं. म्हणून पूर्ण प्रवाहावर पंप चालवून पाहिला की सगळं ठीक वाटतं. खरी साठवण होते कमी प्रवाहावर. समजा डिस्चार्ज व्हॉल्व्ह आवळून पंप काही तास निम्म्या क्षमतेवर चालवला. आवाज नाही, कंप नाही. छताखाली हवा मात्र वाढत जाते. मग व्हॉल्व्ह उघडला जातो, पाण्याचा वेग वाढतो आणि तो थर तुटून एकदम पंपाच्या फिरत्या चाकात, म्हणजे इंपेलरमध्ये शिरतो. सेकंदाच्या पाचव्या हिश्शात पंपाने दहा लिटर पाणी घ्यायचं, त्यात दोन लिटर हवा! दाबाच्या काट्याला झोका बसतो, अँमीटर खाली येतो, पंप खडखडतो आणि पुन्हा शांत होतो. थर मोठा असेल तर तो सावरतच नाही. पंपाने हवा धरली, असं आपण म्हणतो ते हेच.

यावर सुचणारा झटपट उपाय म्हणजे वर एक छोटा कॉक बसवून हवा सोडणे. खालून पाणी ओढणाऱ्या पंपावर, पंप चालू असताना, हा कॉक उघडू नका. आत दाब बाहेरच्यापेक्षा कमी आहे. हवा बाहेर येणार नाही, बाहेरची आत जाईल.

(दृश्य: सपाट बाजू वर, मग सपाट बाजू खाली)

एक्सेंट्रिक रिड्यूसर सपाट बाजू वर ठेवून लावला, की पाइपाचं आणि तोंडाचं छत एका रेषेत येतं आणि हवेला बसायला जागाच उरत नाही. याची एक किंमत आहे: पाइपाची मध्यरेषा तोंडाच्या मध्यरेषेपेक्षा २५ मिलिमीटर खाली जाते. पाइपाचे आधार त्या हिशेबाने आधीच खाली घ्यावे लागतात. ते न करता बोल्ट आवळून पाइप ओढून बसवला, तर सगळा ताण पंपाच्या तोंडावर येतो.

आणि हाच तुकडा उलटा लागला तर? खोबणीची उंची २४ वरून ४८ मिलिमीटरच्या पुढे जाते. कॉन्सेंट्रिकमध्ये हवा पाइपाच्या छेदाचा सात टक्के भाग अडवत होती. आता अठरा टक्क्यांहून जास्त. थोडक्यात, उलटा एक्सेंट्रिक लावण्यापेक्षा कॉन्सेंट्रिक परवडला.

सपाट बाजू खाली चालते ती एका परिस्थितीत: पाणी वरच्या टाकीतून उभ्या पाइपाने खाली येतं आणि बेंडनंतर लगेच रिड्यूसर आहे. तिथे बुडबुड्यांना तिरक्या छतावरून उभ्या पाइपात परत वर जायला वाट मिळते. पाइप उभाच वर येऊन पंपाच्या खालच्या तोंडाला मिळत असेल, तर कॉन्सेंट्रिकही योग्यच. आडव्या लाइनवर गेट व्हॉल्व्ह असेल, तर त्याचा दांडा आडवा ठेवा. उभ्या बॉनेटमध्येही हवा साठते.

(दृश्य: बेंडमधून वळणारा प्रवाह, बाणांनी)

आता सरळ पाइपाचा नियम. बेंडमधून वळताना पाणी बाहेरच्या भिंतीकडे ढकललं जातं आणि थोडं फिरतही राहतं. तेच पाणी तसंच पंपात गेलं, तर इंपेलरच्या तोंडाच्या एका बाजूला ते चुकीच्या कोनात भिडतं. तिथला दाब सरासरीपेक्षा खाली जातो आणि हिशेबात नसलेलं कॅव्हिटेशन, म्हणजे कमी दाबात पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे बनणं आणि फुटणं, तेवढ्याच भागात सुरू होतं. म्हणून बेंड आणि पंप यांत व्यासाच्या पाच ते दहा पट सरळ पाइप ठेवतात. आपल्या २०० च्या पाइपाला म्हणजे एक ते दोन मीटर. व्यास पाइपाचा धरायचा की पंपाच्या तोंडाचा, हे पंप बनवणाऱ्याच्या सूचनेत वाचावं. हायड्रॉलिक इन्स्टिट्यूटचं पंप पाइपिंगचं मानक ही लांबी पंपाचा प्रकार आणि आधीची फिटिंग पाहून ठरवतं. रिड्यूसर मात्र थेट फ्लँजला लावता येतो, कारण निमुळत्या वाटेत वेग वाढत जातो आणि वाढत्या वेगात प्रवाह सावरतो.

आपल्या उदाहरणात ही सरळ लांबी अगदी समतल ठेवण्याऐवजी पंपाकडे किंचित चढती ठेवली, तर हवा मागे साठत नाही.

दुहेरी सक्शनच्या पंपात, बेंड शाफ्टला समांतर प्रतलात आला की एका बाजूला पाणी जास्त जातं, दुसरीकडे कमी. त्याचा जोर शाफ्टच्या दिशेने बेअरिंगवर येतो. तिथे बेंड शाफ्टला काटकोनात असलेल्या प्रतलात घ्यावा.

(दृश्य: सक्शनवरचा व्हॅक्यूम गेज)

हे सगळं नीट करूनही आवाज येत राहिला, तर? डिस्चार्ज व्हॉल्व्ह थोडा आवळून पाहा. खडी दळल्यासारखा सततचा आवाज प्रवाह कमी होताच ओसरला, तर ते कॅव्हिटेशन. थांबून थांबून येणारे झोके तसेच राहिले, तर हवा अजून कुठून तरी येते आहे. आधी ग्लँड आणि गॅस्केट तपासा.

कॅव्हिटेशन असेल तर आकडे मांडावे लागतात. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब १०.३ मीटर पाण्याएवढा. त्यातून ३० अंश सेल्सिअसच्या पाण्याच्या वाफेचा दाब ०.४, उपसा चार आणि घर्षण समजा एक मीटर वजा केलं की ४.९ मीटर उरतात. पंपाला ३.५ मीटर लागत असतील तर १.४ मीटर हाताशी आहेत. पण पंपाच्या आलेखावरचा तो ३.५ चा आकडा, हेड तीन टक्के पडलेलं असतानाचा असतो. बुडबुडे त्याच्या बरेच आधी सुरू होतात. ही शिल्लक फार कमी असेल, तर रिड्यूसर कितीही बरोबर बसवला तरी उपयोग नाही. पंप खाली घ्यावा लागेल किंवा पाण्याची पातळी वर आणावी लागेल.