माझी गाव, माझं गाव

श्रोतेहो, नमस्कार.

लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी नववी-दहावीला मराठी शिकवते. गेल्या वर्षी वेळ अमावस्येनंतर मी नववीला निबंध दिला होता, 'आमच्या रानातली येळवस'. आपल्याकडं त्या दिवशी गाव ओस पडतं आणि रानं भरतात. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पांडव, मडक्यात आंबील, भज्जी आणि उंडे. हे प्रत्येक पोराच्या डोळ्यांपुढं असतं, म्हणून विषय सोपा. चाळीस वह्या आल्या. त्यातली एक वाचताना मी पहिल्याच ओळीला अडखळले.

ओळ अशी होती : 'माझी गाव मांजरा नदीच्या काठी वसलेले आहे.'

माझी गाव. पुढं एके ठिकाणी होतं, 'आईने भाजी बनवला.' आणखी खाली 'शेत' हा शब्द 'षेत' असा, पोटफोड्या ष काढून लिहिलेला. आणि याच पानावर हे वाक्य होतं : 'हा सण केवळ पूजेचा नसून निसर्गाप्रती कृतज्ञता व्यक्त करण्याचा आहे.' त्यातलं 'कृतज्ञता' अगदी बिनचूक, 'व्यक्त' बिनचूक, 'निसर्गाप्रती'मधला रफार आणि वेलांटी जागच्या जागी.

मराठीच्या शिक्षकाला इथं काहीतरी खटकतंच. ज्याला कृतज्ञता लिहिता येते, त्याचं शेत चुकत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ज्याच्या घरात मराठी बोलली जाते ते पोर 'माझी गाव' म्हणतच नाही. मी कितीतरी वर्षं वह्या तपासते आहे. माझ्या पोरांच्या चुका मला पाठ आहेत, आणि घरी मराठी असलेल्या पोराच्या वहीत लिंगाची ही चूक नसते. गाव ते, भाजी ती, हे शाळेत यायच्या आधीच जिभेवर बसलेलं असतं. अशी चूक मराठी नव्यानं शिकणारा मोठा माणूस करतो.

त्या मुलाला मी मधल्या सुट्टीत बोलावलं. रागावले नाही. वही त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "बाळा, जरा मोठ्यानं वाच." तो वाचू लागला : "माझं गाव मांजरा नदीच्या काठी वसलेलं आहे..." वहीत 'माझी' लिहिलेलं, तोंडातून 'माझं' आलं, आणि आपण बदललं हे त्याला कळलंही नाही. पुढं "आईनं भाजी बनविली." तिथंही जीभ आपसूक बरोबर चालली. मात्र त्याच निबंधात 'म्हनून' असं चार वेळा होतं, आणि ते त्यानं चारही वेळा 'म्हनून' असंच वाचलं, न अडखळता. कारण ती चूक त्याची स्वतःची होती. आपल्या भागात बोलताना ण आणि न पुष्कळ ठिकाणी एक होतात. जे कानाला ऐकू येतं तेच हात लिहितो, आणि ते वाचताना कानाला काही वावगं वाटत नाही.

म्हणजे एकाच पानावर चुकांचे दोन थर होते. खालचा थर कुणा दुसऱ्याचा, आणि उतरवून घेताना वर चढलेला त्याचा.

मी नुसतं विचारलं, "कुठून घेतलास?" तो खरं बोलला. "मॅडम, भावाच्या मोबाईलवर विचारलो. नववीच्या पोरासारखं लिही, थोड्या चुका कर, असं टाकलो."

आता हे 'विचारलो' आणि 'टाकलो' ऐका. प्रमाण मराठीत मी विचारलं, मी टाकलं. पण उदगीर-देगलूरकडं, सीमेच्या पट्ट्यात, 'मी काम केलो', 'मी भाकर खाल्लो' असंच म्हणतात. व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणं ही चूक झाली, पण तिला शिस्त आहे. हा मुलगा दहा वेळा बोलला तर दहाही वेळा 'केलो' म्हणेल. मोबाईलवरच्या चॅटबॉटनं, म्हणजे विचारलं की मजकूर लिहून देणाऱ्या यंत्रानं, दिलेल्या निबंधात नेमकी ही शिस्त नव्हती. पहिल्या परिच्छेदात 'षेत', तिसऱ्यात 'शेतात' बरोबर. वरच्या ओळीत 'माझी गाव', खाली 'आमचे गाव'.

असं का होत असावं, म्हणून त्या आठवड्यात मी घरी बसून स्वतः करून पाहिलं. एकच विषय, सांगायची रीत तीन प्रकारची.

पहिल्यांदा फक्त म्हटलं, नववीच्या विद्यार्थ्यासारखं लिही. निबंध आला तो चुकांशिवाय, जरा लहान वाक्यांचा, आणि शेवटी 'मला हा सण खूप आवडतो'. बांधणी मात्र मोठ्या माणसाची : प्रस्तावना, तीन सारख्या लांबीचे परिच्छेद, समारोप. माझी पोरं असं लिहीत नाहीत. आंबिलीवर दीड पान जातं, आणि पूजा एका ओळीत उरकते.

दुसऱ्यांदा चुका करायला सांगितलं. मग साधारण परिच्छेदाला एक चूक, भाजीवर कोथिंबीर पेरावी तशी. वाक्यांचा सांगाडा तसाच राहिला. कुठं एखादी वेलांटी बदलली, कुठं लिंग बदललं, आणि एका शब्दात दोन अक्षरांची अदलाबदल झाली. अक्षरांची अदलाबदल ही टाइप करताना बोट घसरल्याची चूक आहे. पेनानं लिहिताना हात असा चुकत नाही, त्याची चूक वेगळी असते. 'आशीर्वाद'चं 'आर्शिवाद' होतं, कारण रफार लिहायचा कुठल्या अक्षरावर आणि उच्चारायचा कुठं, यात पोरांचा गोंधळ उडतो.

तिसऱ्यांदा लिहिलं, मराठवाड्यातल्या खेड्यातला मुलगा. तेव्हा आलं 'म्या', 'व्हतं', 'न्हाय', ओळीओळीला. हे ग्रामीण कथांतल्या संवादांचं मराठी, तेही बरंचसं सातारा-कोल्हापूरकडच्या वळणाचं. आमची पोरं बोलतात वेगळं. 'पाऊस पडायलाय', 'बाबा औत हाकायलेत' हे आमचं. आणि महत्त्वाचं म्हणजे, वहीत कुणीच मुद्दाम बोली लिहीत नाही. वहीत प्रत्येक पोर शुद्ध लिहायला बघतं. बोली निसटून येते, एखाद्या क्रियापदात, एखाद्या 'कामून'मध्ये.

याचं कारण यंत्र शिकतं कसं यात आहे. भाषेचं हे मॉडेल प्रचंड लिखाणावरून एकच गोष्ट शिकतं : आतापर्यंतचा मजकूर असा असेल, तर पुढचा तुकडा कुठला येण्याची शक्यता जास्त. त्याला अक्षरं आपल्यासारखी दिसत नाहीत. शब्दांचे तुकडे करून त्यांना आकडे दिलेले असतात. आणि ऐकू तर काहीच येत नाही. 'पाणी' आणि 'पानी' कानाला किती जवळचे आहेत, हे त्याला आपल्यासारखं जाणवत नाही. शिवाय त्यानं जे वाचलंय ते बहुतेक छापलेलं किंवा टाइप केलेलं. उदगीरच्या नववीतल्या मुलाची, लाल शाईनं भरलेली, रद्दीत गेलेली वही इंटरनेटवर चढलेली नसते. नववीतल्या मुलाबद्दल मोठ्यांनी लिहिलेलं त्यानं भरपूर वाचलंय, त्या मुलानं स्वतः लिहिलेलं फारच थोडं. म्हणून नक्कल होते ती मोठ्यांच्या मनातल्या मुलाची.

त्यात आणखी एक ओढ असते. मूळ शिक्षणानंतर अशा मॉडेलला दुसऱ्या टप्प्यात नीटनेटकी, बरोबर उत्तरं द्यायची सवय लावलेली असते. चुकीचं लिही म्हटलं की ते चार पावलं चुकीच्या वाटेनं जातं आणि पुन्हा नेहमीच्या वाटेला लागतं. म्हणूनच 'षेत' पुढं आपोआप 'शेतात' होऊन येतं.

पोराचं नेमकं उलट आहे. त्याला बरोबर लिहायचं असतं. आमच्या वह्यांमधली सगळ्यात नेहमीची चूक घ्या : 'आणि'ची वेलांटी दुसरी, 'आणी'. आम्हीच शिकवलेलं असतं की मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ लिहावी. पाणी, वही, गोणी. 'आणि' हा त्याला अपवाद, तो पाठ करावा लागतो. जे पोर 'आणी' लिहितं ते नियम पाळतंय, अपवाद तेवढा विसरलंय. 'फुलाचा'च्या जागी 'फूलाचा' लिहिणाऱ्या मुलीनं मुळातला 'फूल' जपलेला असतो. या चुकांमागं डोकं चाललेलं दिसतं, आणि मी उद्या काय शिकवायचं ते त्या मला सांगतात. 'षेत' पाहून मी काय शिकवणार?

माझ्या शिक्षक मित्रांना इथं एक कळकळीचं सांगते. अशा चुका दिसल्या म्हणून पोराला वर्गात उभं करू नका. एका निबंधावरून काही सिद्ध होत नाही. ज्याच्या घरी हिंदी, तेलुगू, कन्नड किंवा बंजारा बोली चालते, त्या मुलाच्या मराठीत लिंगाची चूक खरोखरच येते, आणि आपल्या वर्गांत अशी मुलं पुष्कळ आहेत. वाचनाची गोडी असलेलं पोर 'कृतज्ञता' लिहू शकतं. मजकूर यंत्राचा आहे का हे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवरही जाऊ नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःच असं एक साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि त्याची अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत मागं घेतलं. ते तर मुख्यतः इंग्रजीसाठी होतं.

आपल्याकडं त्या पोराच्या मागच्या वह्या आहेत. जूनची वही आणि जानेवारीची वही शेजारी ठेवा आणि बघा, जूनमधली 'आणी' जानेवारीत कुठं गेली. तिच्या जागी अनोळखी चुका आल्या असतील तर त्याला बाजूला घेऊन वाचायला सांगा, आणि तुम्ही वहीवर बोट ठेवून ऐका. जीभ कुठं कागद सोडते ते कळेल. मुळात मराठी नसलेल्या घरातलं पोर बहुधा स्वतःची चूक लिहिली तशीच वाचेल, त्यामुळं त्याच्यावर अन्यायही होणार नाही.

त्या मुलाला मी नवा निबंध दिला नाही. म्हटलं, "कोप कशी बांधतात, मला ठाऊक नाही. तेवढंच लिहून दे." खिडकीपाशी बसून त्यानं अकरा ओळी लिहिल्या. त्यातल्या तीन तुम्हाला वाचून दाखवते, त्याच्या शब्दांत.

'कडब्याच्या पेंड्या ऊभ्या केल्या आणी वर एकत्र बांधल्या. मी दोरी धरायलो होतो म्हनून माझ्या हाताला कूस लागली. आज्जी म्हणाली तोंड ऊगवतीला ठेव नाहीतर पांडवाला ऊन लागत नाही.'

'ऊभ्या', 'आणी', 'म्हनून', 'ऊगवतीला'. चार ठिकाणी मी लाल खूण केली. 'धरायलो होतो' याला हात लावला नाही. शेजारी फक्त लिहिलं, 'पुस्तकात : धरत होतो', आणि वही परत दिली.

नमस्कार.