गोफ कुणी विणला?

[दृश्य: अंबाझरी तलाव, संध्याकाळ. पाण्यावरून बगळ्यांची रांग जाते.]

श्रावणातली संध्याकाळ. नागपूरच्या अंबाझरीवरून बगळे परतीला लागलेत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बालकवींनी 'श्रावणमास' लिहिली, तीत असेच बगळे आहेत, आणि त्यांच्या आधी इंद्रधनुष्य आहे. या शहरातल्या एका शाळेत, नववीच्या वर्गात, आज त्या इंद्रधनुष्याच्या दोनच ओळी वाचायच्या आहेत.

[दृश्य: फळा. खडूने ओळी लिहिल्या जातात.]

'वरति बघता इंद्रधनूचा गोफ दुहेरी विणलासे,
मंगल तोरण काय बांधिले नभोमंडपी कुणि भासे!'

अलंकार कोणता, असं विचारताच अर्धा वर्ग म्हणतो, उपमा. 'विणलासे'तला 'से' त्यांना 'सारखे' या अर्थाचा वाटतो. बाई 'विणला असे' असं फोडून लिहितात. म्हणजे विणला आहे. इथे तुलनेचा शब्दच नाही. कवी इंद्रधनुष्य आणि गोफ यांत अंतर ठेवत नाही. हे रूपक.

बहुतेक वर्गांत काम इथेच संपतं. या वर्गात ते इथे सुरू होतं.

[दृश्य: जवळून. ओळींखाली नवं वाक्य लिहिणारा हात.]

बाई कवितेच्या खाली स्वतःचं साधं वाक्य लिहितात: 'इंद्रधनुष्य गोफासारखे दिसते.' रूपकाची मुद्दाम उपमा केली. आता मुलींनी सांगायचं, काय गेलं?

आधी कुणी बोलत नाही. मग खिडकीजवळची एक मुलगी म्हणते, "बाई, विणणं गेलं ना."

बरोबर तेच गेलं. 'सारखे' म्हटलं की कशाबाबतीत सारखे, हा प्रश्न आपोआप येतो. उत्तर मिळतं, रंगांचे पदर शेजारी शेजारी आहेत म्हणून. साम्य तेवढ्यावर थांबतं. बोलणारा खाली उभा आहे, वर आभाळ आहे, आणि तो शांतपणे दोन गोष्टी ताडून पाहतोय. त्याला इंद्रधनुष्य आवडलंय, पण तो भानावर आहे.

रूपकात मात्र गोफ आला की त्याचं विणणंही येतं. पदर एकमेकांत गुंतवणारे हात येतात. आणि विणलं असेल, तर विणणारा कुणीतरी असलाच पाहिजे.

[दृश्य: दुसरी ओळ. 'कुणि' या शब्दाभोवती खडूचं वर्तुळ.]

आणि तो पुढच्याच ओळीत येतो. 'कुणि.' तोरण कुणी बांधलं? हा प्रश्न 'गोफासारखे' या वाक्यातून निघालाच नसता. पहिल्या ओळीतल्या रूपकाने आभाळात कुणाचं तरी अस्तित्व गृहीत धरलं, म्हणून दुसऱ्या ओळीत त्याचा शोध सुरू होतो.

पण त्याच ओळीत 'काय' आहे आणि शेवटी 'भासे' आहे. तोरण बांधलं आहे, असं कवी म्हणत नाही. बांधलंय की काय, असं वाटतं. ही उत्प्रेक्षा. उपमेत माणूस दोन्ही गोष्टी वेगळ्या ओळखून असतो, रूपकात त्यांची एकच होते, आणि उत्प्रेक्षेत डोळे क्षणभर फसतात व फसल्याचं कळतही असतं. गोफ ठामपणे आला, तोरण चाचरत आलं. आनंदाच्या भरात एक मोठी गोष्ट बोलून झाली, आणि त्यापुढची, आभाळाचा मांडव कुणीतरी सजवला आहे ही, म्हणताना कवी जरा बिचकला. या दोन ओळींतली भावना मला याच बिचकण्यात दिसते.

[दृश्य: पुन्हा अंबाझरी. बगळे, या वेळी जवळून.]

मग रूपक म्हणजे उत्कट आणि उपमा म्हणजे सौम्य, असं सूत्र वहीत उतरवायचं का? मुली ते उतरवू लागतात. बाई थांबवतात आणि बगळ्यांची ओळ वाचतात.

'बलाकमाला उडता भासे कल्पसुमांची माळचि ते.'

बगळ्यांची रांग म्हणजे माळ, हे रूपक 'बलाकमाला' या पहिल्याच शब्दात आहे. पण ते इतकं वापरून गुळगुळीत झालंय की वाचताना काहीच हलत नाही. अंगावर येतं ते 'भासे'नंतर, माळ स्वर्गातल्या फुलांची होते तेव्हा. इथे रूपक थंड आहे आणि उत्प्रेक्षेत जीव आहे. म्हणून नाव ओळखून भागत नाही. तुलना बदलून लिहायची, आणि काय गळालं ते पाहायचं.

[दृश्य: वह्या. मुली ओळी बदलून लिहितायत.]

आता एकेक ओळ मुलीच मोडून पाहतायत. एकीने लिहिलंय, 'बगळे फुलांच्या माळेसारखे उडतात.' शेजारीण तिची वही ओढून 'उडतात'वर बोट ठेवते: माळ कुठे उडते? कवितेत 'उडता'चा जोड बगळ्यांशी आहे, माळेशी नाही. पहिली मुलगी वाक्य खोडते आणि 'उडताना दिसतात' असं करते.

परीक्षेत बहुधा अलंकाराचं नावच विचारतील. तेही या मुलींना येतं.

[दृश्य: फळा. कवितेतली पुढची आणखी एक ओळ लिहिली जाते.]

'फडफड करुनी भिजले अपुले पंख पाखरे सावरिती.'

या ओळीत तुलनाच नाही. ती का नाही, यावर वर्गात आता वाद सुरू झालाय.