अकरावर अडकलेला आकडा

(यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्ती आणि लॅन जोडणीचे काम करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, गेल्या हंगामात एका जिनिंगच्या कार्यालयातून मला बोलावणे आले. तक्रार अशी होती की वजनकाट्यावर येणाऱ्या गाड्यांचे फोटो आणि कॅमेऱ्यांचे चित्रण संध्याकाळी स्टोरेज बॉक्सवर कॉपी करायला लावले की सुमारे ४० जीबीच्या त्या फोल्डरला तासभर लागतो, आणि तेवढा वेळ ऑपरेटरला घरी जाता येत नाही. बॉक्स गिगाबिटचा होता, स्विच गिगाबिटचा होता आणि संगणकातले लॅनकार्डही गिगाबिटचेच होते. ऑपरेटरने निदान आधीच करून ठेवले होते. तो म्हणाला, "साहेब, डब्बाच बुढा झाला, दुसरा घ्या लागते."

मी त्याला फक्त कॉपीची खिडकी उघडी ठेवायला सांगितली. तीत ११.३ एमबी प्रति सेकंद असा आकडा होता, आणि विशेष म्हणजे तो हलत नव्हता. पाच मिनिटे पाहिले तरी तो ११.२ ते ११.४ च्या बाहेर गेला नाही. म्हातारी झालेली हार्ड डिस्क असे वागत नाही. तिचा वेग चढतो, पडतो, मध्येच थांबतो. एखाद्या ठरावीक आकड्यावर सपाट राहणारा वेग हा बहुधा वाटेच्या रुंदीचा असतो. लॅनचा वेग बिटमध्ये सांगतात आणि कॉपीचा वेग बाइटमध्ये दिसतो, म्हणून १०० मेगाबिटला आठने भागले की साडेबारा येतात, आणि प्रत्येक पाकिटाच्या पत्त्याबित्त्याचा खर्च वजा केला की हाती सव्वाअकरा ते पावणेबारा उरतात. गिगाबिटवर हाच हिशेब ११० ते ११८ वर जातो. म्हणजे कॉपीच्या खिडकीत अकरा दिसले की स्टोरेज बॉक्सकडे बोट दाखवण्याआधी कुठेतरी १०० चा दुवा बसला आहे का, हे पाहावे. विंडोजमध्ये त्यासाठी एक ओळ पुरते:

```
Get-NetAdapter | Format-Table Name, LinkSpeed, FullDuplex
```

तिथे `LinkSpeed` खाली `100 Mbps` आले. बॉक्सच्या सेटिंगमध्ये मात्र १००० दिसत होते. याचा अर्थ बॉक्स ते स्विच हा तुकडा ठीक होता आणि अडचण स्विच ते संगणक या तुकड्यात होती.

आता हे १०० ठरवले कोणी, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण आपल्यातले बरेच जण इथेच घसरतात. तार लावल्याबरोबर दोन्ही टोकांची कार्डे एकमेकांना आपापली कुवत कळवतात आणि दोघांनाही जमेल तो सर्वांत मोठा वेग ठरतो. हा सगळा निरोप केवळ दोन जोड्यांवरून जातो: कनेक्टरच्या १ व २ या पिना आणि ३ व ६ या पिना. १०० चा दुवाही याच दोन जोड्यांवर चालतो. गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात, आणि चारही जोड्यांवरून एकाच वेळी दोन्ही दिशांनी माहिती जाते. त्यामुळे तारेत ४-५ किंवा ७-८ ही जोडी तुटलेली असली तरी बोलणी उत्तम होतात, दोघेही "मला १००० जमते" असे सांगतात, आणि प्रत्यक्ष जुळवणी करायला गेले की जमत नाही. मग बरीचशी कार्डे दोनतीन प्रयत्न करून मुकाट्याने १०० वर उतरतात. ही सोय ज्या कार्डात नसते त्याचा दिवा लागत-विझत राहतो. आपल्याला वाटते की उपकरणांनी आपसांत १०० ठरवले. खरे तर त्यांनी १००० च ठरवले होते, तार कमी पडली.

म्हणूनच ड्रायव्हरमध्ये जाऊन वेग हाताने ठोकून बसवण्याचा उपाय मला मान्य नाही. तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिटला ही बोलणी अनिवार्यच आहेत. एका टोकाला "100 Mbps Full Duplex" ठोकले आणि समोरचा साधा स्विच स्वतःहून ठरवणारा असला, तर स्विचला समोरून उत्तर येत नाही. तो वेग ओळखतो, पण एका वेळी एकच बाजू बोलणार असे गृहीत धरतो. मग दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात आणि कॉपी अकरावरूनही खाली, कधी एकाच्या आत येते. मी पहिली गोष्ट पाहिली ती हीच, आणि सुदैवाने तिथे `Auto Negotiation` शाबूत होते.

यानंतर तुकडा शोधायचा होता. संगणकाजवळची छोटी तार बदलली, फरक नाही. स्विचचे पोर्ट बदलले, फरक नाही. मग माझा लॅपटॉप थेट स्विचशेजारी नेऊन माझ्याजवळच्या खात्रीच्या दोन मीटर तारेने जोडला, तर लगेच १००० आले आणि बॉक्सवरचा तोच फोल्डर लॅपटॉपवर ११२ च्या वेगाने सरकू लागला. आता उरली ती पत्र्याच्या छताखालून गेलेली सुमारे ३० मीटरची तार. स्विचच्या पेटीचे झाकण काढले, रुईच्या धुळीचा थर पुसला आणि प्रकार डोळ्यांसमोरच होता. एकाच करड्या आवरणातून दोन कनेक्टर निघाले होते. एकात नारिंगी आणि हिरव्या जोडीच्या चार तारा, दुसऱ्यात निळ्या आणि तपकिरी जोडीच्या चार. काही वर्षांपूर्वी वजनकाट्यासाठी दुसरा संगणक आला तेव्हा कोणीतरी नवी तार ओढण्याऐवजी एकाच तारेवर दोन संगणक चालवले होते. त्याला मी नाव ठेवणार नाही; १०० च्या काळात ती जोडणी कामापुरती बरोबर होती आणि आजही १०० ला ती निर्दोषच चालत होती. टेस्टर लावला तर १, २, ३, ६ चे दिवे लागत आणि बाकीचे चार अंधारात. आधी येऊन गेलेल्या मुलाने चार दिवे पाहून "तार ओके" असा शेरा दिला होता.

उपाय सोपा होता. आठही तारा पुन्हा एका कनेक्टरमध्ये आणायच्या, आणि तार थेट संगणकाला लावून तपासून झाली की शेवटी दोन संगणकांसाठी त्यांच्या टोकाला पाच पोर्टचा छोटा गिगाबिट स्विच बसवायचा. मी त्याच मुलाला क्रिम्पिंग करायला सांगून कारखान्याच्या मालकांशी बोलायला गेलो, आणि खरी शिकवण्यासारखी गोष्ट इथून पुढे घडली.

परत आलो तेव्हा टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागत होते, `LinkSpeed` खाली `1 Gbps` होते आणि मुलगा खूश होता. कॉपी सुरू केली तर वेग ७० वर गेला, ८ वर आला, क्षणभर शून्यावर टेकला, पुन्हा ४० झाला, आणि दहा मिनिटांत दुवा स्वतःच १०० वर उतरला. मी कनेक्टर हातात घेऊन पारदर्शक बाजूने रंग वाचले: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना अगदी सारखे, दिसायला नीटनेटके, आणि चूक.

ही चूक दिव्यांच्या टेस्टरला कधीच सापडत नाही, कारण तो फक्त एवढेच विचारतो की या टोकाची तिसरी पिन त्या टोकाच्या तिसऱ्या पिनेला पोचते का. ती पोचतेच. पण कार्ड ३ आणि ६ यांना एक जोडी मानते. जोडीतल्या दोन तारांना पीळ असतो तो शोभेसाठी नसतो. दोघींवर बाहेरचा गोंगाट सारखाच पडावा आणि कार्डाने दोघींतला फरक घेतला की तो गोंगाट वजा व्हावा, म्हणून तो पीळ असतो. वरच्या क्रमात ३ वर हिरव्या पिळातली तार आली आणि ६ वर निळ्या पिळातली. ज्यांना एकमेकींभोवती फिरायला हवे त्या दोघी वेगवेगळ्या घरी गेल्या, आणि ३-६ चा आवाज ४-५ मध्ये शिरू लागला. दोन मीटरच्या तारेत हे कदाचित खपून गेले असते. ३० मीटरमध्ये पाकिटे बिघडू लागली, बिघडलेले पाकीट फेकले जाते, पाठवणारा ते पुन्हा पाठवतो आणि सावध होऊन आपला वेगही कमी करतो. चढउताराचा तो आलेख याचाच होता.

बिघडलेली पाकिटे मोजताही येतात, पण दिशा लक्षात ठेवावी लागते. संगणकावरून बॉक्सकडे कॉपी करताना बिघडलेले पाकीट स्विचच्या हाती पडते, आणि साधा स्विच ते गुपचूप टाकून देतो. आपल्याला काहीच दिसत नाही. म्हणून उलट करावे, बॉक्सवरची मोठी फाइल संगणकावर ओढावी आणि आधी व नंतर हा आकडा पाहावा:

```
Get-NetAdapterStatistics | Format-List Name, ReceivedPacketErrors
```

निरोगी तारेवर तो शून्यावरच राहतो. इथे एका फाइलमध्येच तो शेकड्यांनी वाढला. मग दोन्ही कनेक्टर कापले आणि पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी या क्रमाने पुन्हा लावले. निळी जोडी मधोमध आणि हिरवी तिला दोन्ही बाजूंनी धरून, असे पाहिले की हा क्रम विसरत नाही. पीळ कनेक्टरच्या तोंडापर्यंत राखला, सोडवला तो सव्वा सेंटिमीटरच्या आत. बाहेरचे आवरणही कनेक्टरच्या आत दाबले, कारण ते बाहेर राहिले की ओढ थेट बारीक तारांवर येते.

कापलेला तुकडा मी फेकला नाही. ब्लेडने एक तार खरवडली आणि आत तांबडेच दिसते आहे याची खात्री केली. आपल्याकडे बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची तार सर्रास मिळते. ती हाताला हलकी लागते, खरवडली की आत पांढरी दिसते, दोनचारदा वाकवली की तुटते, आणि तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. खोक्यावर कॅट ५ई किंवा कॅट ६ छापलेले असले तरी ती त्या प्रमाणात बसत नाही. तशी तार निघाली असती, तर क्रिम्पिंगवर वेळ घालवण्यापेक्षा मी नवी तार ओढायला सांगितली असती. शुद्ध तांब्याची कॅट ५ई गिगाबिटला १०० मीटरपर्यंत पुरते, त्यामुळे ३० मीटरसाठी महागडी तार घेण्याचेही कारण नव्हते.

संध्याकाळी तोच ४० जीबीचा फोल्डर लावला. चित्रणाच्या मोठ्या फाइली ११२ च्या आसपास सपाट गेल्या आणि त्रुटींचा आकडा हलला नाही. शेवटी गाड्यांच्या फोटोंचा भाग आला, हजारो लहान फाइली, आणि वेग २५ वर घसरला. मुलाने लगेच क्रिम्पिंग टूल उचलले. मी त्याला `LinkSpeed` पुन्हा पाहायला सांगितले. ते १ गिगाबिटवरच होते. प्रत्येक लहान फाइल उघडणे, नाव लिहिणे, बंद करणे यातच बॉक्सचा वेळ जातो, त्यात तारेचा काही दोष नसतो. फोटोंचे रोज एकच झिप करून ते पाठवायचे ठरले, आणि टूल पिशवीत गेले.