किटली एवढीशी, मग खोका केवढा?

[पडद्यावर: टेबलावर चिनी मातीची किटली, बाजूला काढून ठेवलेलं झाकण, मेजर टेप]

ही चिनी मातीची किटली. तोटीच्या टोकापासून कानाच्या बाहेरच्या कडेपर्यंत २४ सेंमी, पोटाजवळ रुंदी १४ सेंमी, झाकण काढल्यावर उंची १३. ही कुरियरने पाठवायची आहे, आणि आपल्याला एवढंच ठरवायचंय की पुठ्ठ्याचा खोका आतून केवढा हवा.

बहुतेक वेळा काय होतं, हाताशी जे रिकामे खोके असतात त्यात वस्तू बसवून बघितली जाते, ज्यात बसली तो खोका पक्का, आणि मग राहिलेल्या फटीत कागद कोंबायचा. म्हणजे गादी किती जाड असणार हे खोका ठरवतो. खरंतर हे बरोबर उलटं व्हायला पाहिजे, आधी गादीची जाडी ठरवायची, ती सगळ्या बाजूंनी धरायची, आणि त्यातून जे माप येईल त्या मापाचा खोका शोधायचा.

तर आधी जाडी. ठिसूळ वस्तूला प्रत्येक बाजूने साधारण ५ सेंमी गादी धरा असं सांगतात, आणि ते का हे एकदा कळलं की मग हात आखडता घ्यावासा वाटत नाही. समजा खोका ७५ सेंमीवरून पडला, म्हणजे साधारण कमरेच्या थोडं खालून. खोका जमिनीवर थांबला तरी आतली किटली अजून खाली येतच असते, आणि ती किती अंतरात थांबते यावर तिला बसणारा धक्का ठरतो. ७५ सेंमी पडून २.५ सेंमीत थांबली तर तिच्यावर तिच्या वजनाच्या साधारण ३० पट जोर येतो, तोही ब्रेक पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा लागला तर. पण फोम असो की कागद, सुरुवातीला मऊ असतो आणि दबत जाईल तसा कडक होतो, त्यामुळे शेवटचा झटका याच्या दुप्पटसुद्धा होऊ शकतो.

आता यात एक गोष्ट हमखास विसरली जाते. ५ सेंमी गादी म्हणजे थांबायला ५ सेंमी मिळाले असं नाही. गादी निम्म्याच्या आसपास दबली की पुढे ती दगडासारखी होते, म्हणजे कामाचे मिळतात अडीच सेंमी. आणि गादीच अडीचची ठेवली तर कामाचे सव्वा सेंमी, धक्का सरळ दुप्पट. म्हणून ५.

[पडद्यावर: हात तोटीच्या खाली आणि कानाच्या पोकळीत कागद भरतायत]

पण टेप लावून माप घ्यायच्या आधी एक काम आहे. किटलीचा आकार बघा, पोट गोल आणि एका बाजूला तोटी नुसती हवेत बाहेर आलेली. ही अशीच गादीत ठेवली तर खोका त्या बाजूवर पडल्यावर सगळं वजन तोटीच्या टोकावर येतं, ते टोक एवढंसं असतं की ते कागदात सुईसारखं घुसतं आणि पलीकडच्या पुठ्ठ्याला जाऊन टेकतं, मग गादी ५ सेंमीची असली काय आणि १० ची असली काय. म्हणून तोटीच्या खाली, तोटी आणि पोट यांच्या मधे, कानाच्या आत, चुरगळलेला कागद घट्ट भरायचा, किटलीच्या आतसुद्धा हलका कागद भरायचा, आणि मग वरून बबल रॅप गुंडाळून टेपने बांधायचं. आता ती किटली दिसत नाही, एक गुबगुबीत ठोकळा दिसतो. तेच पाहिजे. जोर पडला तर तो ठोकळ्याच्या अख्ख्या बाजूवर पसरतो, एकट्या तोटीवर येत नाही.

माप या ठोकळ्याचं घ्यायचं, उघड्या किटलीचं नाही. बबल रॅपने प्रत्येक बाजूला १ सेंमी वाढवलाय, म्हणजे २४ चे २६, १४ चे १६, १३ चे १५. हा बबल रॅप ५ सेंमीमधे मोजायचा का? मी म्हणेन नाही. तो वस्तूच्या अंगाशी आवळलेला असतो, त्याचं काम ओरखडे वाचवायचं आणि आकार धरून ठेवायचं, पडल्यावर दबून जागा द्यायचं काम बाहेरच्या गादीचं.

आता बेरीज. लांबी २६, एका टोकाला ५, दुसऱ्या टोकाला ५, झाले ३६. हे इतकं सोपं आहे की इथेच चूक होते, "५ सेंमी गादी" डोक्यात असते आणि ५ एकदाच मिळवले जातात, २६ चा ३१ होतो, आणि प्रत्यक्षात दोन्ही टोकांना अडीच अडीचच उरतात. प्रत्येक मापात जाडी दोनदा. लांबीत दोनदा, रुंदीत दोनदा, उंचीत दोनदा.

मग झाकणाचं काय? किटलीवर बसवून टेप लावून पाठवायचं नाहीच, मातीवर माती आपटते आणि कडेचे टवके उडतात. झाकण वेगळं गुंडाळायचं, गुंडाळल्यावर ते १२ सेंमी रुंद आणि ७ सेंमी जाड होतं. आणि दोन वस्तू एका खोक्यात आल्या की त्यांच्या मधेसुद्धा गादी लागते, इथे ३ सेंमी धरू, झाकण हलकं आहे. आता हे ठेवायचं कुठे यावर खोका बदलतो.

किटलीच्या वर ठेवलं तर उंची १५ अधिक ३ अधिक ७, म्हणजे २५, त्यात वरखाली ५-५ धरले की ३५. खोका झाला ३६ बाय २६ बाय ३५. शेजारी आडवं ठेवलं तर रुंदी १६ अधिक ३ अधिक १२, वर १० गादीचे, ४१. खोका ३६ बाय ४१ बाय २५, आधीपेक्षा मोठा. आणि तिसरा उपाय, शेजारीच पण कडेवर उभं. मग रुंदीत त्याचे फक्त ७ लागतात, १६ अधिक ३ अधिक ७ म्हणजे २६, अधिक १०, ३६. उंची तर त्याची १२ च आहे, किटलीच्या १५ मधे आरामात मावते. खोका ३६ बाय ३६ बाय २५, तिघांत सगळ्यात लहान, पहिल्यापेक्षा अगदी थोडाच, पण किटलीच्या डोक्यावर काही नाही हा मोठा फायदा. शिवाय झाकण किंवा ताट अशा चपट्या वस्तू आडव्या ठेवण्यापेक्षा कडेवर उभ्या ठेवल्या की जोर जास्त सहन करतात, म्हणून मी हाच धरेन.

[पडद्यावर: कागदावर आकृती, किटलीचा ठोकळा, शेजारी उभं झाकण, भोवती गादीचा पट्टा]

आता ३६, ३६, २५ ही आतली मापं. खोका विकत घेताना त्यावर लिहिलेलं माप आतलं आहे की बाहेरचं हे विचारायचं, आणि घरातला असेल तर टेप आत घालून मोजायचं. ५ प्लायच्या पुठ्ठ्याची जाडी साधारण ६ ते ७ मिलिमीटर असते. लांबी-रुंदीत दोन भिंती येतात, म्हणजे सव्वा सेंमीच्या वर गेले. उंचीत जास्त जातं, कारण वर आणि खाली दोन्हीकडे फ्लॅप एकावर एक येतात, म्हणजे चार थर, जवळजवळ अडीच सेंमी. बाहेरून २५ असलेला खोका आतून साडेबावीसच्या आसपास भरतो, आणि वरखाली ५-५ ऐवजी पावणेचारच राहतात. तेही नेमके तळाला, जिथे खोका सगळ्यात जास्त वेळा आपटतो.

अगदी याच मापाचा खोका मिळेल असं नाही. मिळाला ३६ बाय ३६ बाय ३० चा, तर उंची ५ ने कमी करता येते. चारही कोपऱ्यांच्या उभ्या घड्या कटरने वरून ५ सेंमी खाली कापायच्या, मग प्रत्येक भिंतीवर आतून पट्टी धरून बोथट टोकाने दाबून रेघ पाडायची, पुठ्ठा कापायचा नाही, नुसती घडीची रेघ, आणि तिथून फ्लॅप वळवायचे. फ्लॅप आता ५ सेंमीने लांब झालेत, जास्तीचा भाग कापून टाका. लहान खोका मात्र मोठा करता येत नाही, तो बाजूलाच ठेवा.

मग मोठाच घेतला तर बिघडलं काय, जास्त कागद भरू? थोडा मोठा चालतो, फार मोठा नाही. जास्त जागेत भरलेला सैल कागद प्रवासात हादऱ्यांनी बसत जातो, वस्तू हळूहळू तळाशी जाते, वर पोकळी होते, आणि वरून दुसरं पार्सल ठेवलं की आतून आधार नसलेला खोका खचतो. शिवाय विमानाने जाणाऱ्या पार्सलला बऱ्याच ठिकाणी आकारावरून वजन धरतात, सेंटिमीटरमधली तिन्ही मापं गुणून त्याला ५००० ने भागतात. आपला खोका ३२,४०० भागिले ५०००, साधारण साडेसहा किलो (बाहेरून मोजल्यावर अजून थोडं जास्त). गादी ५ ची साडेसात केली तर खोका ४१ बाय ४१ बाय ३०, म्हणजे दहा किलोच्या वर. गादी अडीच सेंमीने वाढली, पण सहाही बाजूंना वाढली म्हणून आकार दीडपटीच्या पुढे गेला. एखादी वस्तू फारच नाजूक असेल तर ते करावं लागतं, या किटलीला नको.

[पडद्यावर: खोक्याच्या तळाशी कागदाचा थर, त्यावर ठोकळा]

भरताना तळाला चुरगळलेल्या कागदाचा थर तळहाताने घट्ट दाबून मग ५ सेंमी मोजायचा, फुगलेला असताना मोजलात तर किटली ठेवल्याबरोबर तो ३ वर येईल. ठोकळा तीन बाजूंच्या भिंतींपासून ५-५ सेंमी आत, चौथ्या बाजूला त्याच्या शेजारी ३ सेंमीची फोमची किंवा पुठ्ठ्याची पडदी, मग उभं झाकण, आणि झाकणाच्या वर आणि पुढेमागे जी जागा उरली ती पूर्ण भरायची. वरचा थर खोक्याच्या कडेपेक्षा किंचित वर येऊ दे, फ्लॅप मिटताना हाताला थोडा विरोध जाणवला पाहिजे. पण भिंती बाहेर फुगत असतील तर जास्त झालं.

यात चुकलं कुठे हे पार्सल उघडल्यावर ओळखू येतं. खोका धड आहे, एकही कोपरा चेपलेला नाही आणि तोटी तुटलीय, म्हणजे वस्तू आत हलली किंवा टोक गादीतून आरपार गेलं. तळाचा कागद पापडासारखा चपटा आणि वर बोटभर पोकळी दिसली तर गादी बसली. आणि खोक्याचा कोपराच आत गेलेला असेल तर पुठ्ठा कमी पडला, तिथे ३ प्लाय ऐवजी ५ प्लाय पाहिजे होता.

हे आधीच तपासायचं असेल तर फ्लॅप एका पट्टीने तात्पुरते बंद करा, खोका दोन्ही हातांत धरून सगळ्या बाजूंना हलवा, आत काही सरकल्यासारखं वाटता कामा नये. मग रात्रभर तसाच ठेवा, आणि सकाळी वरच्या फ्लॅपच्या मधोमध तळहाताने दाबून बघा. खाली गेला तर कागद बसलाय, उघडून वरून अजून भरा आणि पुन्हा हलवून बघा. नाही गेला तर मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर रुंद टेप मारून टाका, तळालाही तशीच.