ओव्हनमधला समोसा: तेल कुठं लावायचं आणि कधी

मघाशी शहापूरच्या एका वहिनींनी विचारलं की ओव्हनमधला समोसा पांढराफटक आणि चिवट का होतो, तर आज त्याच्यावरच बोलू, सारण कसं करायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतंय.

कढईत तेल समोशाला सगळीकडून लागलेलं असतं, म्हणून उष्णता पटकन पोचते. ओव्हनमध्ये नुसती गरम हवा, तिला तेवढा जोर नाही, मग पारीला रंग यायच्या आधीच ती वरून सुकते. म्हणून ब्रशने तेल लावायचं, पण कोपरे, शिवण, बूड सगळीकडे हं, वरून दोन फटकारे मारून चालत नाही, जिथं ब्रश पोचला नाही तिथं पांढरा डाग राहतोच.

आता 12 समोसे धरा. पाव किलो मैदा, ओवा, मीठ आणि 4 मोठे चमचे तेलाचं मोहन. चोळून झालं की मूठ वळून बघायची, मुटका टिकला पाहिजे. मोहनात कंजुषी केली तर वरून कितीही तेल लावा, पारी दाताला कडकच लागणार. पीठ घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा आणि सारण पूर्ण गार करूनच भरा, गरम सारणाची वाफ आतच कोंडते, मग बूड ओलं राहतं नाहीतर शिवण उकलते.

ओव्हन 180 डिग्रीवर 10 मिनिटं आधी तापवायचा, ओटीजीला वरची खालची दोन्ही कॉइल चालू, ट्रे मधल्या कप्प्यात. मायक्रोवेव्हवाल्यांनी कन्व्हेक्शन मोडच लावा, नुसत्या मायक्रोवर रंग येत नाही. 20 मिनिटांनी ट्रे बाहेर काढून समोसे उलटायचे आणि परत एकदा पातळ हात तेलाचा फिरवायचा, कारण पहिलं तेल तोवर पारीत मुरलेलं असतं, हे दुसऱ्यांदा लावायचं बऱ्याच जणी विसरतात बघा. मग अजून 12 ते 15 मिनिटं. प्रत्येकीचा ओव्हन वेगळा, त्यामुळे शेवटी घड्याळ नको, समोसा बघा: रंग बदामी, आणि नखाने टिचकी मारली की खडखडीत आवाज. घाई करून 220 वर ठेवला तर वरून लाल होतो पण कोपऱ्यात जिथं पीठ दुमडलेलं असतं तिथं कच्चाच राहतो.

स्प्रिंग रोलचं उलटं, शीट पातळ असते म्हणून 200 वर 15 ते 20 मिनिटं पुरे, शिवण खाली ठेवायची, मधे एकदा उलटायचे.

चव कढईतल्यासारखी येत नाही हे आधीच सांगते, हा खारीच्या जवळ जातो. आणि आपल्या बेळगावच्या, त्यातून खानापूरकडच्या पावसात कुरकुरीतपणा फार वेळ टिकत नाही, तर पाहुणे दारात आले की 180 वर 5 मिनिटं परत ठेवा, तेल न लावता.