लिस्टिंग उडवणारे शब्द: टायटलमध्ये लपलेला ट्रेडमार्क कसा शोधायचा

नमस्कार. ऑनलाइन मार्केटप्लेसवर टाकलेल्या वस्तूच्या पानावर दुसऱ्याचा ट्रेडमार्क असलेला शब्द आला, की मालकाच्या तक्रारीवरून ती लिस्टिंग उडते. आज अशी एकच लिस्टिंग घेऊ आणि तिचा शब्दन् शब्द तपासू. लहान बाळाचा कपडा आणि त्याच्यासोबत लाळेरं, असा हा सेट आहे. सेलरने टायटल असं लिहिलंय.

(स्क्रीनवर टायटल)

```
Cute Baby Onesie and Velcro Bib Set, Disney Style Mouse, Newborn Gift
```

या एका ओळीत अडचणीचे तीन शब्द आहेत, आणि तिघांची अडचण वेगवेगळी आहे. डिस्ने तर कुणीही ओळखेल. पण पहिले दोन शब्द ब्रँडची नावं आहेत हे बहुतेकांच्या गावीही नसतं, आणि खरा घोटाळा तिथेच होतो. कारण हे शब्द आपण रोजच्या बोलण्यात वापरतो.

पहिला शब्द, वनसी. पायांच्या मधे टिचबटणं असलेला बाळाचा कपडा म्हणजे वनसी, असं सगळ्यांच्या तोंडी बसलंय. पण अमेरिकेत ONESIES हा गर्बर चिल्ड्रन्सवेअर या कंपनीचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. ब्रिटनमध्ये लोक मोठ्या माणसांच्या अंगभर पायजम्यालाही हाच शब्द सर्रास वापरतात. म्हणून तिथल्या सेलरला वाटतं, हा तर साधा शब्द आहे. पण ट्रेडमार्क देशागणिक असतो. तुमची लिस्टिंग अमेरिकेतल्या ग्राहकाला दिसत असेल, तर तिथली नोंदणी तुम्हाला लागू पडते, मग तुम्ही बसलेले कुठेही असा.

दुसरा, वेल्क्रो. वेल्क्रो हे कंपनीचं नाव आहे. त्या चिकटपट्टीचं सर्वसाधारण नाव आहे हुक अँड लूप. पेटंट केव्हाच संपलंय, त्यामुळे तशी पट्टी कुणीही बनवू शकतं, पण नाव अजून कंपनीचंच आहे. 2017 साली या कंपनीने एक व्हिडिओच काढला होता. त्यात वकील मंडळी गाणं म्हणून विनवतात की बाबांनो, आमचं नाव असं सरसकट वापरू नका! हसण्यासारखं आहे, पण त्यामागचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. ब्रँडचं नाव लोकांच्या तोंडी वस्तूचंच नाव होऊन बसलं, तर कंपनीचा हक्क जातो. अमेरिकेत एस्कलेटर या शब्दाचं 1950 मध्ये तसंच झालं, आणि 1963 मध्ये न्यायालयाने थर्मॉस हा शब्दही सर्वसाधारण ठरवला. त्यामुळे ज्या कंपनीचं नाव या वाटेवर आहे, ती जास्तच जागी असते. शब्द जितका तोंडवळणी, तितकं त्याच्यावर लक्ष जास्त, हे गणित उलटं वाटलं तरी असंच आहे.

आता तपासायचं कसं ते बघू. अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयाचा शोध मोफत आहे.

(स्क्रीनवर पत्ता)

```
tmsearch.uspto.gov
```

इथे नुसता शब्द टाकला तर निकालांचा ढीग येतो. म्हणून शोध आधीच आवळून घ्या.

```
CM:onesie* AND IC:025 AND LD:true
```

पहिला भाग म्हणजे चिन्हातला, म्हणजे नोंदवलेल्या ट्रेडमार्कमधला, शब्द. शेवटच्या तारांकनामुळे एकवचन, अनेकवचन दोन्ही सापडतात. दुसरा भाग म्हणजे वर्ग. जगभर वस्तू आणि सेवा मिळून 45 वर्ग आहेत: 1 ते 34 वस्तूंचे, 35 ते 45 सेवांचे. कपडे, पादत्राणं, टोप्या 25 मध्ये येतात. दागिने 14 मध्ये, कागद आणि स्टिकर 16 मध्ये, कप-भांडी 21 मध्ये, खेळणी 28 मध्ये. तिसरा भाग फक्त जिवंत नोंदी दाखवतो. मृत नोंद म्हणजे अर्ज सोडून दिलेला किंवा नोंदणी संपलेली. ती दिसली म्हणून सुटलो असं मात्र समजू नका, कारण त्याच मालकाची दुसरी नोंद जिवंत असू शकते.

इतर देशांत विकत असाल तर branddb.wipo.int वर तोच शब्द टाका. तिथे अनेक देशांच्या नोंदी एकत्र दिसतात, आणि तीही सेवा मोफत आहे.

निकाल आला की घाबरून शब्द खोडायची घाई नको. नोंद उघडा आणि वाचा. वर्ग तर बघाच, पण त्याखालचं वस्तूंचं वर्णन जास्त महत्त्वाचं. एकच शब्द एका कंपनीकडे बुटांसाठी आणि दुसरीकडे कॉफीसाठी असू शकतो. मग चिन्ह कशा प्रकारचं आहे ते बघा. नोंद साध्या अक्षरांची असेल, तर तो शब्द कुठल्याही टाइपमध्ये लिहिला तरी मालकाचाच. नोंद चित्र आणि शब्द मिळून असेल, तर हक्क साधारणपणे त्या एकत्रित रूपावर असतो.

आणि एक ओळ जवळजवळ कुणीच वाचत नाही: डिस्क्लेमर. समजा एखाद्या कंपनीच्या चिन्हात तिच्या नावासोबत baby हा शब्दही आहे. नोंदीत लिहिलेलं असतं की या शब्दावर, चिन्हापासून वेगळा काढून, स्वतंत्र हक्क सांगितलेला नाही. म्हणजे तो शब्द तुम्हाला मोकळा. शोधात baby साठी ढीगभर निकाल आले म्हणून हा शब्द टायटलमधून काढणारे सेलर आहेत, आणि ते उगाचच स्वतःची लिस्टिंग शोधातून मागे ढकलतात.

आपल्या टायटलमधला तिसरा भाग बघू: डिस्ने स्टाइल. इथे सेलरचा हिशोब असा असतो की मी डिस्नेचं म्हटलंच नाही, स्टाइल म्हटलं. पण स्टाइल, इन्स्पायर्ड, लाइक, टाइप, ड्यूप यांपैकी कुठलाही शब्द ढाल होत नाही. तुम्ही ब्रँडचं नाव ग्राहक खेचायला वापरलं, मुद्दा तिथेच संपतो. उलट इन्स्पायर्ड लिहिलं की तुम्हाला मूळ ब्रँड माहीत होता, हे तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं. डिस्क्रिप्शनच्या तळाशी "आमचा या कंपनीशी संबंध नाही" असं लिहिण्याचंही तेच. शोधात ग्राहकाला टायटल दिसतं, तळाची ओळ नाही.

शब्द मोडून लिहिण्याची युक्तीही चालत नाही. Onezie, One-sie, D1sney, Vel cro. ट्रेडमार्कमध्ये तुलना तीन अंगांनी होते: दिसायला, ऐकायला आणि अर्थाने. onezie आणि onesie ऐकायला एकच आहेत. शिवाय मालक असे मोडके शब्दही शोधतात, आणि मुद्दाम मोडलेला शब्द बघितला की चुकून झालं असेल हा फायदाही तुम्हाला मिळत नाही. एखाद्या स्पेलिंगबद्दल शंका आली तर मोठ्याने वाचून बघा. कानाला ब्रँडच ऐकू आला तर तो शब्द गेला.

डिस्नेचा आणखी एक पदर आहे. 1928 सालच्या पहिल्या लघुपटांमधला मिकी अमेरिकेत 1 जानेवारी 2024 ला कॉपीराइटमधून बाहेर आला. ते ऐकून अनेकांनी उंदरांची उत्पादनं टाकली. पण मुदत संपली ती कॉपीराइटची. ट्रेडमार्क वेगळी गोष्ट, तो वापरात असेपर्यंत आणि नूतनीकरण होत राहीपर्यंत टिकतो. आणि तुमच्या लाळेऱ्यावरचं चित्रच दोन गोल काळ्या कानांचं आणि लाल चड्डीचं असेल, तर टायटल कितीही धुऊन काढा, अडचण चित्रात आहे.

समजा आपल्या सेलरचं चित्र खरंच स्वतःचं आहे, एक करडा उंदीर. मग टायटल असं होईल.

(स्क्रीनवर नवं टायटल)

```
Baby Bodysuit and Bib Set, Snap Bottom, Hook and Loop Closure, Grey Mouse Print, Newborn Gift
```

बघा, ब्रँडच्या जागी वस्तूचं वर्णन आलं. बॉडीसूट, खाली टिचबटणं, बंद करायला हुक अँड लूप. onesie शोधणारे काही ग्राहक सुटतील, हे खरं आहे, ते मान्यच करायला हवं. पण snap bottom आणि newborn यांनी शोधणारे मिळतात.

आता ब्रँडचं नाव कधीच लिहायचं नाही का? तसं नाही. तुमची वस्तू दुसऱ्याच्या वस्तूला लागणारी असेल, तर ते सांगावंच लागतं. घड्याळाचा पट्टा विकताय, तर Apple Watch Band असं लिहिलं की पट्टा अॅपलचाच वाटतो. Silicone Band Compatible with Apple Watch असं लिहिलं की पट्टा तुमचा, घड्याळ त्यांचं, हे स्पष्ट होतं. आधी तुमची वस्तू, मग compatible with, मग ब्रँड. लोगो नको, आणि नाव गरजेपुरतंच. बाळाच्या कपड्याला ही सवलत लागू होत नाही, कारण तो कशालाच जोडायचा नसतो.

टायटल बदललं की काम झालं, असं समजून बरेच जण थांबतात आणि आठवड्याने तीच लिस्टिंग उडते. शब्द आणखी कुठे कुठे असतो ते बघा: टॅग, डिस्क्रिप्शन, रंग-साइजच्या पर्यायांची नावं, फोटोचा पर्यायी मजकूर, फोटोवर छापलेली अक्षरं, दुकानातल्या विभागाचं नाव. मागच्या बाजूला भरायचे शोधशब्दही धरा. ते ग्राहकाला दिसत नाहीत, पण मार्केटप्लेसला दिसतात, आणि अॅमेझॉनच्या नियमात तर तिथे ब्रँडची नावं टाकायलाच मनाई आहे. सगळ्या लिस्टिंग्ज एका फाइलमध्ये उतरवून घ्या आणि त्या फाइलमध्ये onesie, onezie, velcro हे शब्द शोधा. एकेक पान उघडण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं. फोटोतली अक्षरं मात्र या शोधात सापडणार नाहीत, ती डोळ्यांनीच बघायला लागतात.

आणि लिस्टिंग आधीच उडाली असेल तर? आलेल्या मेलमध्ये तक्रार करणाऱ्याचं नाव असतं, बऱ्याचदा नोंदणी क्रमांकही असतो. तो क्रमांक शोधात टाका, वर्ग आणि वस्तूंचं वर्णन वाचा. तीच लिस्टिंग जुन्या शब्दांसकट पुन्हा टाकू नका, कारण ती दुसरी तक्रार म्हणून मोजली जाऊ शकते आणि वारंवार तक्रारी आल्या की दुकानच बंद होतं. बाकीच्या लिस्टिंग्जमधून तो शब्द त्याच दिवशी काढा.

तक्रार चुकीची वाटत असेल तर एक फरक लक्षात घ्या. अमेरिकेच्या डीएमसीए कायद्यातली प्रतिनोटीस कॉपीराइटसाठी आहे, ट्रेडमार्कच्या तक्रारीला ती लागत नाही. इथे सहसा तक्रारदारालाच लिहावं लागतं आणि त्याने तक्रार मागे घेतली की लिस्टिंग परत येते. मेल छोटा ठेवा: लिस्टिंगचा क्रमांक, नोंदणीचा क्रमांक, आणि एक कारण. उदाहरणार्थ, लाळेऱ्यावर सफरचंदाचं चित्र आहे म्हणून apple print लिहिलंय, तो फळाचा उल्लेख आहे, आणि तुमची नोंद इलेक्ट्रॉनिक वस्तूंची आहे. रागाचे दोन परिच्छेद त्यात घातले तर समोरचा माणूस पहिली ओळसुद्धा नीट वाचणार नाही.